पैसे घ्यायला मंजुरी लागत नाही, ताई

*वाचकाचं पत्र*

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, वय 54. घरून पुरणपोळ्या, चकल्या, कडबोळी करून विकते. निम्मी गिऱ्हाइकं दारावरच्या क्यूआर कोडवर पैसे देतात. आमच्या बचत गटातल्या आणखी तिघीही असेच घरून पदार्थ विकतात. गेल्या गुरुवारी सकाळी फोन आला. ‘जय हिंद वहिनी, मी सुभेदार बोलतोय, आमच्या युनिटच्या कार्यक्रमाला 60 पोळ्या हव्यात.’ पोळी 35 ला, म्हणजे 2,100 रुपये. सगळे आधीच देतो म्हणाला. व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटोही पाठवला. म्हणाला, मिलिटरीचे पैसे थेट येत नाहीत, तुमच्या ॲपवर नोटिफिकेशन येईल, ते मंजूर करून पिन टाका की जमा होतील. मी टाकला तर 2,100 गेले. त्याला सांगितलं तर म्हणाला, एंट्री उलटी झाली, आता दुप्पट पाठवतो, ते मंजूर करा, मागचेही त्यातच येतील. मी परत टाकला. 4,200 गेले. आता 8,400 ची तिसरी मागणी ॲपवर तशीच पडून आहे आणि त्याचे सारखे फोन येतायत. पिन मी कोणालाही सांगितलेला नाही. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो ॲपच काढून टाक. मिस्टर स्वतः फौजेतून निवृत्त झालेत, त्यांना अजून बोलले नाही. अशा मागण्या पाठवायची सोय बंद झाली असं ऐकलं होतं, मग ही आली कशी? तिसरी मंजूर करू का?

— एक वाचक, सातारा

*उत्तर*

ताई, नका करू. तुमचा ईमेल वाचला त्याच दुपारी मी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या: तिसरी मागणी नाकारा, आणि 1930 वर फोन लावा. तुम्ही दोन्ही केलंत, हे तुमच्या उत्तरावरून कळलं. आता सावकाश बोलू. तुमच्यासारखी पत्रं मला कराड, वाई, कोरेगाव सगळीकडून येतात. कुणी जुनं कपाट विकायला काढलेलं असतं, कुणी खोली भाड्यानं द्यायची असते. गोष्ट वेगळी असते, पण फोनवरचं ते एक वाक्य तेच असतं: मंजूर करा, म्हणजे जमा होतील.

मी नोकरीची सगळी वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, म्हणून तिथलंच उदाहरण देते. समजा तुमच्या पोळ्यांचे पैसे एखाद्या गिऱ्हाइकाला तुमच्या खात्यात रोख भरायचे आहेत. तो बँकेत येतो, भरण्याची स्लिप घेतो, तुमचं नाव आणि खाते नंबर लिहितो, पैसे देतो आणि जातो. तुम्ही त्या वेळी घरात पुरण वाटत असता. तुमची सही कुणी मागत नाही, तुम्हाला विचारायलाही कुणी येत नाही. तुमची सही लागते ती पैसे काढायच्या स्लिपवर. यूपीआयचा पिन म्हणजे तीच सही. पैसे येताना तिचं कामच पडत नाही. समोरचा पाठवतो, तुमच्या खात्यात पडतात आणि मेसेज येतो. फोन बंद असला तरी पडतात.

‘पिन मी कोणालाही सांगितलेला नाही’ हे तुम्ही जरा हायसं वाटून लिहिलंय, आणि मला वाटतं खरी गाठ तिथेच आहे. ‘ओटीपी सांगू नका, पिन सांगू नका’ हे आपल्याला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय, की पिन आपल्यापाशी असला म्हणजे पैसे सुरक्षित अशी आपली समजूत झाली आहे. ती अर्धीच खरी आहे. या फसवणुकीत त्या माणसाला तुमचा पिन नकोच असतो. त्यानं पैसे काढायची स्लिप स्वतः भरून तुमच्यापुढे ठेवलेली असते. तुम्ही तुमच्याच हातानं सही केलीत की त्याचं काम झालं.

ही स्लिप म्हणजे कलेक्ट रिक्वेस्ट. यूपीआयमध्ये पैसे दोन वाटांनी जातात. एका वाटेत तुम्ही स्वतः नाव निवडता, रक्कम लिहिता आणि पाठवता. दुसऱ्या वाटेत ज्याला पैसे हवेत तो तुमच्या यूपीआय आयडीवर मागणी धाडतो. ती तुमच्या ॲपमध्ये येऊन बसते आणि तुम्ही होकार देऊन पिन टाकलात की पैसे तुमच्या खात्यातून त्याच्या खात्यात जातात. मागणीवर दुसरं काही घडूच शकत नाही. तिच्यातून पैसे तुमच्याकडे येण्याची सोय यंत्रणेत नाहीच, त्यामुळे एंट्री उलटी व्हायचा प्रश्नही येत नाही. 2,100 जिथे जायचे होते तिथेच बिनचूक गेले.

आता तुमचा प्रश्न, की हे बंद झालं होतं ना? तुम्ही ऐकलं ते खरं आहे, पण पूर्ण नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं 2025 च्या जुलैमध्ये सगळ्या बँकांना आणि ॲपना कळवलं, आणि त्या ऑक्टोबरपासून एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवणं बंद झालं. त्याआधी व्यक्तीव्यक्तींतल्या मागणीला एका वेळी 2,000 रुपयांची मर्यादा होती, म्हणून जुन्या पत्रांत 1,999 च्या चार-चार, पाच-पाच मागण्या सापडत. ही वाट बंद झाल्यानं पुष्कळ फरक पडला. पण दुकानदार, कंपन्या, तिकीट काढायच्या साइट यांच्या मागण्या तेव्हा बंद झाल्या नाहीत, कारण तिथे तिचा खरा उपयोग होता. तुम्ही साइटवर रेल्वेचं तिकीट काढलंत, पैसे भरायच्या पानावर यूपीआय आयडी लिहिलात, की मिनिटाभरात ॲपमध्ये मागणी येई. ती याच प्रकारची.

तुम्हाला आलेल्या तिन्ही मागण्यांचे स्क्रीनशॉट तुम्ही जोडलेत ते बरं केलंत. तिन्हींवर कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चं नाव आहे. म्हणजे पैसे मागणारं खातं व्यापारी म्हणून नोंदलेलं आहे. असं खातं ठगानं खोट्या कागदांवर उघडलेलं असेल, किंवा कुणाला चार पैसे देऊन वापरायला घेतलेलं असेल. तो शोध पोलिसांचा. आपण एवढं लक्षात ठेवायचं, की व्यापाऱ्याचं खातं किंवा नावापुढची बरोबरची खूण म्हणजे व्यवहार खरा असल्याची हमी नव्हे. आणि एक साधी विसंगती तिथे उघड्यावर होती. फोनवर सुभेदार, आणि पैसे मागतंय कुठलंसं एंटरप्रायझेस.

तो पहिला स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. सगळ्यात ठळक ओळ आहे ‘Army canteen payment receive’. तुमची नजर तिथेच अडकली, आणि कुणाचीही अडकली असती. पण ही ओळ ॲपनं लिहिलेली नाही, बँकेनंही नाही. ती मागणी पाठवणाऱ्यानं शेरा म्हणून टाकलेली आहे. त्या जागी तो रिफंड लिहील, कॅशबॅक लिहील, मनाला येईल ते लिहील. ती ओळ वाचूच नका असं मी सांगेन. त्याच चित्रात विश्वास ठेवण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत. एक, ज्याला पैसे जाणार त्याचं बँकेत नोंदलेलं नाव; 2025 च्या मध्यापासून ॲपना व्यवहाराच्या वेळी हेच नाव दाखवणं बंधनकारक आहे, समोरच्यानं स्वतःला दिलेलं नाव नाही. आणि दुसरी, रकमेशेजारचं बटण. त्यावर `Pay` लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ तुम्ही देताय.

त्या बटणानंतर एक शेवटची पायरी उरते, आणि मला वाटतं आपल्या पिढीनं सगळा जोर तिथे लावावा. पिन टाकायचं पान उघडतं तेव्हा रंग बदलतो, खाली आकड्यांची पाटी येते आणि आपलं बोट आपसूक चालू लागतं. गुरुवारी तुमचंही तसंच झालं असणार. एका कानाला फोन आणि दुसऱ्या हातानं पिन. आता तुमच्या रोजच्या एखाद्या व्यवहारात, दुधाचे पैसे देताना वगैरे, त्या पानावर थांबा आणि आकड्यांच्या वरचा भाग वाचा. तिथे `To` किंवा `Paying to` असं लिहून नाव असतं, `Sending` किंवा तशाच शब्दापुढे रक्कम असते. बऱ्याच फोनवर पिवळ्या त्रिकोणाशेजारी एक पूर्ण वाक्यही असतं, ‘You are transferring money from your account to’ आणि पुढे नाव. तुमच्या खात्यातून अमक्याला पैसे चाललेत, असा त्याचा सरळ अर्थ. शब्द फोनप्रमाणे थोडे इकडचे तिकडे होतील. पण त्या पानावर रक्कम आणि कुणाचं तरी नाव दिसत असेल, तर पिन टाकल्यावर तेवढे पैसे जाणार, यात बदल नाही.

हे एवढं खोलात सांगायचं कारण म्हणजे ‘पिन फक्त पैसे पाठवताना लागतो’ हे वाक्यही थोडं अपुरं आहे. खात्यातली शिल्लक पाहायलाही पिन लागतो. काही ठग याचाच फायदा घ्यायला बघतात. आधी खरोखरच लहानशी रक्कम तुमच्या खात्यात टाकतात, लगेच मोठ्या रकमेची मागणी धाडतात, आणि तुम्ही ‘काय जमा झालं बघू’ म्हणून घाईनं ॲप उघडून समोर येईल तिथे पिन टाकाल या आशेवर बसतात. नुसतं ॲप उघडल्यानं किंवा शिल्लक पाहिल्यानं मागणी मंजूर होत नाही. त्यासाठी मागणीवर बोट ठेवून होकार द्यावा लागतो. पण घाईत तेही होतं. शिल्लक पाहताना येणाऱ्या पिनच्या पानावर रक्कम नसते. फरक तेवढाच, आणि तो डोळ्यांनी दिसतो.

मग खरी मागणी ओळखायची कशी? आलेल्या मागणीकडे पाहून मी स्वतःला एकच विचारते: हे काम आत्ता, काही मिनिटांपूर्वी, मी सुरू केलं होतं का? मी तिकीट काढत होते, पैसे भरायच्या पानावर आयडी मीच लिहिला, रक्कम पैशांपर्यंत जुळते, नाव त्याच साइटचं आहे, तर ती माझी. फोनवरच्या माणसानं ‘आता बघा, येईल’ असं सांगितल्यावर आलेली मागणी माझी नसते. मग बोलणारा कितीही ओळखीचा वाटो.

तुमचा आयडी त्याला मिळाला कुठून हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. तुमच्या पाकिटांवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर तुमचा मोबाइल नंबर आहे. पुष्कळांचा यूपीआय आयडी म्हणजे मोबाइल नंबर, पुढे @ आणि त्यापुढे ॲपची किंवा बँकेची ठरलेली अक्षरं. कुठलं ॲप वापरता एवढं विचारलं की उरलेलं त्याला जुळवता येतं. तो आयडी कळल्यानं कुणी पैसे काढू शकत नाही, फक्त मागणी पाठवू शकतो. म्हणून नंबर लपवायच्या मागे लागू नका. धंदा करायचा तर नंबर लोकांपर्यंत जायलाच हवा.

तुमच्या तिसऱ्या मागणीसारख्या पडून राहिलेल्या मागण्यांचंही बघायला हवं. त्या कुठे असतात हे पुष्कळांना माहीतच नसतं. काही ॲपमध्ये पहिल्याच पानावर पट्टी दिसते, काहींत वरच्या कोपऱ्यातल्या घंटीखाली, काहींत `Requests` किंवा `Pending` अशा नावाखाली. फोनमध्ये दोन ॲप असतील तर दोन ठिकाणी पाहायला हवं, कारण मागणी ज्या आयडीवर पाठवली त्याच ॲपमध्ये ती दिसते. पडून राहिलेली मागणी आपोआप पैसे कापत नाही. तिला मुदत असते. ती संपली की मागणी रद्द होते. तरी ती तशी ठेवू नये असं माझं मत आहे, कारण उद्या सकाळी घाईत, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातून, ती उघडली जाऊ शकते. `Decline` दाबा; नाकारल्याचा कसलाही दंड नाही. पाठवणाऱ्याला ब्लॉक करायची किंवा तक्रार करायची सोय तिथेच दिसली तर तीही वापरा. नाकारण्याआधी स्क्रीनशॉट मात्र घ्या, कारण त्यावर त्याचा पूर्ण आयडी असतो आणि पोलिसांना तो लागतो.

तिथेच कधी ऑटोपेची मागणी आली तर आणखी सावध राहा. तिच्यात एकदा पिन टाकला की दर महिन्याला किंवा ठरलेल्या दिवशी पैसे कापायला परवानगी दिली जाते, आणि साधारण 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुढे पिन विचारला जात नाही. रकमेखाली ‘दरमहा’ अशा अर्थाचा शब्द आणि शेवटची तारीख दिसली, तर ती एकदाची मागणी नाही हे ओळखा.

आता गेलेल्या पैशांचं. तुम्ही 1930 ला फोन केलात तो शुक्रवारी दुपारी, म्हणजे दिवस उलटून गेल्यावर. ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तिचं काम असं चालतं: तुमच्याकडून व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि पैसे गेले तो आयडी घेतात, पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवतात, आणि पैसे अजून त्या खात्यात असतील तर तेवढी रक्कम गोठवली जाते. ठगही बसून राहत नाही. तो पैसे पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढे सरकवतो किंवा एटीएममधून काढतो. त्यामुळे पहिल्या तासा-दोन तासांतल्या तक्रारीला जी किंमत असते ती दुसऱ्या दिवशीच्या तक्रारीला राहत नाही. तुमचे 6,300 परत येतीलच असं मी म्हणणार नाही. काही भाग गोठला असेल तर तोही हातात यायला वेळ जातो. तक्रारीचा क्रमांक मिळालाय तो जपून ठेवा, cybercrime.gov.in वर तिची सद्यस्थिती बघत राहा, आणि जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे स्क्रीनशॉटच्या छापील प्रती घेऊन स्वतः जाऊन या.

बँकेतही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बँक कदाचित म्हणेल, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे खातेदाराच्या निष्काळजीपणानं नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं खातेदाराला सोसावं लागतं, आणि कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. म्हणजे अर्जामुळे 6,300 लगेच मिळतील असं नाही, पण पुढच्यासाठी त्या अर्जावरची तारीख मोलाची आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. आणि ताई, येत्या काही दिवसांत ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन आला तर तो त्याच माणसाचा किंवा त्याच्या भाईबंदाचा समजा. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर अशा लोकांत फिरतो.

मुलगा म्हणतो ॲप काढून टाक. त्याची काळजी मला समजते, पण हा उपाय मला पटत नाही. पहिली गोष्ट, फोनमधून ॲप काढल्यानं यूपीआय आयडी बंद होत नाही. तो आधी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द करावा लागतो. दुसरी, तुमची निम्मी गिऱ्हाइकं दारावरच्या क्यूआर कोडवर पैसे देतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना सुट्टे पैसे आणा म्हणालात तर त्यातली काही शेजारच्या दुकानात जातील. त्यापेक्षा असं करा. धंद्यासाठी एक वेगळं बचत खातं उघडा आणि ॲपला, क्यूआरला तेवढंच जोडा. घरखर्चाचं, मिस्टरांच्या पेन्शनचं खातं यूपीआयपासून लांब ठेवा. दर सोमवारी धंद्याच्या खात्यातले जास्तीचे पैसे तिकडे हलवा. पुढे कधी चूक झालीच तर ती आठवड्याच्या गल्ल्यापुरती राहील. ॲपमध्ये किंवा बँकेत रोजची मर्यादा कमी करून घेता येत असेल तर तीही तुमच्या धंद्याला पुरेल एवढीच ठेवा. मुलाला मदत करायचीच आहे, तर पुढच्या सुट्टीत आल्यावर हे खातं बदलण्याचं काम त्याला द्या.

मिस्टरांना मात्र आज सांगा. तुम्ही फसलात त्यामागे त्यांची वर्दी आहे, हे मला पत्रातून दिसलं. आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जवळजवळ प्रत्येक भावकीत कुणी ना कुणी फौजेत आहे. ‘जय हिंद वहिनी’ ऐकल्यावर आपण दार उघडतो, चहा टाकतो. ठगाला हे माहीत असतं, म्हणून तो सुभेदार होऊन येतो. त्यात तुमच्या शिक्षणाची किंवा अकलेची कमतरता नाही. फौजेत इतकी वर्षं काढलेला माणूस मात्र तुम्हाला एका वाक्यात सांगेल, की खरेदीचे पैसे द्यायला कुठलंही युनिट घरच्या बाईकडून पिन टाकून घेत नाही. ते ओळखपत्रही त्यांना दाखवा. असे फोटो कुणाही खऱ्या जवानाचे चोरून फिरवलेले असतात, आणि पोलिसांना देताना त्यांचं निरीक्षण उपयोगी पडेल. आणखी एक साधं कारण: तो माणूस आता घरच्या दुसऱ्या नंबरवरही फोन करू शकतो. मिस्टरांना माहीत नसेल तर ते त्याच्याशी आदरानं बोलतील.

तुम्ही लिहिलंय की बचत गटातल्या आणखी तिघी घरून पदार्थ विकतात. पुढच्या बैठकीत भाषण देऊ नका, एवढंच करून दाखवा. तुमचा फोन सगळ्यांसमोर टेबलावर पालथा ठेवा, हात मांडीवर घ्या. एकीला तिच्या फोनवरून तुम्हाला एक रुपया पाठवायला सांगा. तुम्ही काही दाबायचं नाही, पिन नाही, मंजुरी नाही. फोन वाजेल, तो उलटा करून रुपया आलेला सगळ्यांना दाखवा. मग त्याच एकीला तिचा फोन धरायला सांगा आणि तो रुपया पाठवताना पिनच्या पानावर आकड्यांच्या वर तिला काय दिसलं ते आठवून सांगू दे. आठवणार नाही, बहुतेकींना आठवत नाही. तेव्हा दुसरा रुपया पाठवायला लावा, पिन टाकण्याआधी ते नाव आणि ती रक्कम मोठ्यानं वाचून घ्या, आणि प्रत्येकीकडून एकेकदा करून घ्या. शेवटी सगळ्यांनी आपापल्या ॲपमध्ये पडून राहिलेल्या मागण्या कुठे दिसतात ती जागा शोधून काढायची. कुणाच्या फोनमध्ये एखादी सापडली, तर तिचा स्क्रीनशॉट घ्या, ती तिथेच नाकारा आणि मला कळवा.